आईच्या केसांचा डाय फारच काळा झालाय, ब्लीच न करता थोडा उतरवता येईल का?

स्नेहल_पी

नमस्कार. आई सांगलीला असते, वय ६१. केस खांद्याच्या थोडे खाली येतात, पुढून जवळजवळ सगळे पांढरे आणि मागे मिसळलेले. एरवी ती घरीच फक्त मुळांना ४ नंबरचा ब्राऊन लावते. या वेळी मामेभावाचा साखरपुडा आहे म्हणून पार्लरमध्ये गेली. तिथे ३ नंबरचा डार्क ब्राऊन मुळांपासून टोकांपर्यंत लावला आणि तासभर ठेवला. आता मुळं गडद ब्राऊन आहेत, ती चालतील, पण हनुवटीच्या खालचे केस काळेकुट्ट झालेत. चेहरा एकदम ओढलेला दिसतो. आई दोन दिवस डोक्यावर ओढणी घेऊन बसली आहे, त्यामुळे मला हे लवकर मार्गी लावायचंय.

पार्लरवाल्या ताई म्हणतात, "धुवून धुवून उतरेल". इंटरनेटवर तीन गोष्टी सारख्या दिसतात: क्लॅरिफाइंग शाम्पू, व्हिटॅमिन सी आणि कलर रिमूव्हर. ब्लीच नको आहे, केस आधीच पातळ आहेत. साखरपुड्याला दोन आठवडे आहेत. यातलं आधी काय करावं?

नलिनी_जोशी

कपाळावर आणि कानांवर डाग पडले असतील तर कापसावर खोबरेल तेल घेऊन हलकं चोळा, दहा मिनिटांनी पुसा. पुढच्या वेळी डाय लावण्याआधी कपाळाच्या कडेने व्हॅसलीन लावायचं. मी वर्षानुवर्षं असंच करते, डाग पडतच नाही.

स्नेहल_पी

नलिनीताई, धन्यवाद, पण कातडीवर डाग नाहीत. केसच जास्त काळे झालेत.

गवतीचहा

लिंबाचा रस आणि खायचा सोडा एकत्र करून लावा आणि अर्धा तास उन्हात बसवा. लिंबात व्हिटॅमिन सी असतंच, वेगळं विकत कशाला आणायचं? माझ्या बहिणीच्या केसांचा रंग असाच उतरला होता.

मृदुला_के

स्नेहल, माझं कोल्हापूरला पार्लर आहे, असे केस माझ्याकडे नेहमी येतात. आधी दोन गोष्टी करू नका. एक म्हणजे वरून फिकट शेड लावू नका. पार्लरमध्येही काही जणी सुचवतील की यावर ५ नंबर लावू. रंगावर रंग लावून केस फिकट होत नाहीत. काळ्या लांबीवर काही दिसणार नाही, नवीन मुळं मात्र फिकट होतील आणि फरक जास्तच उठून दिसेल. दुसरं म्हणजे लिंबू लावून उन्हात बसवू नका. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर काही जणांना मानेवर, कपाळावर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. गवतीचहा, तुमच्या बहिणीचा रंग उतरला असेल, मी खोटं म्हणत नाही, पण सोडा आणि लिंबू एकत्र केलं की फेस येतो तो दोघांनी एकमेकांना मारल्याचा. उरतं ते खारट पाणी. नुसता सोडा लावला तर रंग थोडा निघतो, पण केस खरखरीत होतात, आणि पातळ केसांवर ते मी करणार नाही.

आता मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. डाय लावल्यावर डोक्याला खाज, लाली किंवा पापण्यांना सूज आली का? आली असेल तर यातलं काहीही करायचं नाही, आधी त्वचारोगतज्ज्ञ. दुसरं, आईंनी पूर्वी कधी मेंदी किंवा काळी मेंदी लावली होती का, आणि कधी थांबवली? तिसरं, पार्लरचा डाय ट्यूब आणि डेव्हलपर मिसळायचा होता की नुसता लावायचा?

स्नेहल_पी

खाज नाही, लाली नाही. डाय ट्यूब आणि डेव्हलपरवाला होता, आईने मिसळताना पाहिलं. मेंदीचं विचारलंत ते बरं केलंत. ४ नंबर सुरू करायच्या आधी ती पुडीतली काळी मेंदी लावायची, दोन वर्षांपूर्वी बंद केली. पण ती तर आता निघून गेली असेल ना?

मृदुला_के

वरून गेली, खालून नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. दोन वर्षांत फार तर २८-३० सेंटीमीटर. टाळूपासून मोजलं तर ते हनुवटीच्या थोडं खालपर्यंत येतं. खांद्याखालपर्यंतचे केस चाळीसेक सेंटीमीटर धरले तर शेवटचे दहा-बारा सेंटीमीटर अजून त्या काळ्या मेंदीच्या काळातले आहेत. तुम्ही "हनुवटीच्या खालचे काळेकुट्ट" लिहिलंत तेव्हाच मला शंका आली होती. तो भाग आधीच रंगाने भरलेला, जुना, सच्छिद्र, आणि त्यावर आता ३ नंबर. असे केस रंग ओढून घेतात. मुळांकडच्या कोऱ्या केसांनी तेवढा ओढला नाही.

त्या पुडीवरचे घटक वाचून सांगा. "हर्बल" लिहिलेल्या बऱ्याच काळ्या मेंदीत खरं काम पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमिन हे डायमधलं रसायन, करतं, मेंदी निमित्ताला असते. तसं असेल तर आशा आहे. मेंदी आणि नीळ एवढंच असेल तर रिमूव्हरचे पैसे घालवू नका.

स्नेहल_पी

आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून तीच पुडी आणून मागची बाजू वाचून दाखवली: मेंदी पावडर, पॅरा-फेनिलीनडायअमिन, बेरियम पेरॉक्साइड, सायट्रिक ॲसिड. नीळ नाही.

मृदुला_के

म्हणजे तो डायच आहे. पेरॉक्साइड डेव्हलपरच्या बाटलीतून येण्याऐवजी पुडीतल्या पावडरीतून येतं, एवढाच फरक. मेंदीचा स्वतःचा तांबूस रंग केसाला घट्ट चिकटतो, तो तुमच्या तिन्ही उपायांनी हलणार नाही. म्हणून टोकं उतरली तरी तांबूस दिसतील हे आईंना आधीच सांगून ठेवा.

आता क्रम. डाय लावून दोन-तीन दिवसच झालेत, ही तुमची जमेची बाजू. या दिवसांत रंग सगळ्यात सैल असतो, म्हणून शाम्पूने सुरुवात करा, आणि फक्त हनुवटीच्या खाली. मुळं चांगली आली आहेत, त्यांना हात लावू नका. वरचे केस क्लिप लावून बांधा.

क्लॅरिफाइंग शाम्पू मिळाला नाही तर साधा, स्वच्छ दिसणारा, फेसाळणारा शाम्पू घ्या. मागच्या यादीत वरच सोडियम लॉरिल सल्फेट किंवा सोडियम लॉरेथ सल्फेट हवं, डायमेथिकोन नको. रंगवलेल्या केसांसाठीचा, सल्फेट नसलेला शाम्पू इथे कामाचा नाही, तो रंग राखण्यासाठीच असतो. कोमट पाण्याने केस भिजवा, फेस करा, चार-पाच मिनिटं तसाच ठेवा, धुवा, पुन्हा एकदा तेच. मग भरपूर कंडिशनर. फेसाचा रंग बघा. पहिल्यांदा करडा किंवा तपकिरी येईल, पांढऱ्या टॉवेलवरही उतरेल. फेस पांढरा यायला लागला की थांबा. त्यानंतर कितीही धुतलं तरी रंग निघत नाही, केसच कोरडे होतात.

अनिकेत_सोलापूर

मध्येच बोलतो. मी सोलापूरला सुताच्या डाईंगमध्ये आहे. टॉवेलच्या सुताला व्हॅट डाय चढवताना आम्ही हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर, वापरतो. चुकून गडद गेलेला माल पुन्हा हायड्रोस आणि कॉस्टिक सोड्यात घातला की रंग उतरतो. हे केसांचं रिमूव्हर त्याच तत्त्वावर असणार. रंग हवेतल्या ऑक्सिजनने पक्का होतो, हायड्रोस तो ऑक्सिजन काढून घेतं. मग बाजारातून किलोभर हायड्रोस आणून पातळ करून वापरलं तर स्वस्त पडणार नाही का?

मृदुला_के

अनिकेत, तत्त्व बरोबर ओळखलंत, पण कृपा करून ते केसांवर नको. तुमचं काम कॉस्टिकमध्ये चालतं, आणि कॉस्टिकमध्ये केस विरघळतो. सूत टिकतं कारण ते कापूस आहे, केस लोकरीसारखा आहे. रिमूव्हरमधला पदार्थ त्याच जातीचा असला तरी त्याची तीव्रता आणि आम्लता केसांसाठी बसवलेली असते.

अनिकेत_सोलापूर

लोकरीचं म्हणालात ते पटलं. आम्ही लोकरीला कॉस्टिक लावतच नाही. मागे घेतो.

ओवी_लेस्टर

इथे इंग्लंडमध्ये रिमूव्हरचं खोकं सुपरमार्केटमध्ये साबणाशेजारी मिळतं, म्हणून मी दोनदा विचार न करता वापरलं होतं. काळ्याचा चॉकलेटी ब्राऊन झाला, मी खूश. वास मात्र सडक्या अंड्यांचा, खिडकी उघडी ठेवा, आणि केस ओले झाले की काही दिवस तो परत येतो. मग त्याच आठवड्यात हलका ब्राऊन डाय लावला आणि केस पुन्हा पहिल्यासारखे काळे! मला वाटलं खोक्यातच खोट आहे.

मृदुला_के

ओवी, खोक्यात खोट नव्हती. रिमूव्हर रंगाचे मोठे कण तोडून लहान करतं. ते कण केसातून पाण्याने बाहेर काढावे लागतात. आत राहिले तर हवेने हळूहळू, आणि डेव्हलपरने लगेच, पुन्हा जोडले जातात. म्हणून पत्रकात धुण्याची जी वेळ दिली असते ती कंटाळवाणी वाटली तरी पूर्ण करायची. कितीही बाटल्या वापरा, सगळं धुण्यावर आहे. काही किटमध्ये शेवटची बाटली याचसाठी असते. ती लावल्यावर केस काळपट झाले तर अजून कण आत आहेत, पुन्हा धुवा.

गवतीचहा

मग व्हिटॅमिन सी मेडिकलमधून आणायच्या त्या चघळायच्या नारिंगी गोळ्या चालतील का? निदान हे तरी बरोबर सांगितलं होतं ना मी?

मृदुला_के

व्हिटॅमिन सी बरोबर सांगितलंत, फक्त लिंबात ते फार थोडं असतं. चघळायच्या गोळ्यांत साखर आणि नारिंगी रंग असतो, डोकं चिकट होतं. साधी ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर घ्या, पांढरी, बिनवासाची.

स्नेहल, शाम्पूनंतर एक दिवस जाऊ द्या. मग दोन सपाट चहाचे चमचे पावडर चार मोठे चमचे त्याच शाम्पूत कालवा, दाटसर पेस्ट होईल. कालवून ठेवू नका, लगेच वापरा. केस ओलसर असताना हनुवटीखाली चोपडा, प्लॅस्टिकची टोपी घाला, अर्धा तास. पाऊण तासाच्या पुढे नको. पेस्ट चांगलीच आंबट असते, टाळूवर ओरखडा किंवा पुरळ असेल तर झोंबते, डोळ्यात तर अजिबात जाऊ देऊ नका. झोंबलं की लगेच धुवायचं, वेळ पूर्ण करत बसायचं नाही. मग कंडिशनर.

आणि आधी एक बट करून बघा. मानेवरची, कानामागची, बोटाएवढी जाड. वाळल्यावर दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी शेजारच्या बटेला लावून बघा. ओले केस आणि बाथरूमचा दिवा दोन्ही फसवतात.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगते. ताज्या पक्क्या डायवर यातून अर्धी शेड, नशीब चांगलं असेल तर एक. काळ्याचा "काळपट ब्राऊन" होतो. महिनाभर जुन्या रंगावर जवळजवळ काही होत नाही.

सई_मु

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी मेंदी आणि नीळ दोन पायऱ्यांत लावते, पीपीडी नाही. निळीचा काळा फार गडद झालाय. मला हेच चालेल का?

मृदुला_के

सई, मेंदीचं वर लिहिलं, ती हलत नाही. निळीबद्दल अनिकेत जास्त सांगतील. मी तुमच्या जागी असते तर लगेचच्या दिवसांत तेल लावून रात्रभर ठेवून शाम्पू केला असता, दोन-तीन वेळा, आणि पुढच्या वेळी निळीचा वेळ कमी केला असता.

अनिकेत_सोलापूर

निळीचं आमच्या कामातलं सांगतो. हायड्रोसमध्ये ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते आणि बाहेर काढली की हवेत पुन्हा निळी होते. म्हणजे रिमूव्हरने तुम्हाला "उतरली" वाटेल आणि केस वाळताना परत येईल. मधल्या वेळात किती धुऊन निघेल ते केसांवर मी पाहिलेलं नाही.

स्नेहल_पी

अपडेट. शनिवारी शाम्पू झाला. पहिला फेस अक्षरशः चहाच्या रंगाचा होता, दुसऱ्या वेळी फिका, मग पांढरा आला आणि थांबलो. सोमवारी मानेवरची बट, मग व्हिटॅमिन सी. आईला टाळूवर काही झोंबलं नाही कारण लावलंच खाली होतं. वाळल्यावर खिडकीपाशी बघितलं. हनुवटी ते खांदा हा भाग आता काळा नाही, गडद ब्राऊन म्हणता येईल, मुळांशी जवळजवळ जुळतो. पण शेवटची चार बोटं तशीच काळी आहेत, जराही हलली नाहीत. तुमचं मोजमाप जिथे संपतं तिथेच रेघ मारल्यासारखी आहे. आता रिमूव्हर करावं का?

मृदुला_के

रेघ तिथेच असणार. वरच्या भागात फक्त ताजा रंग सैल होता, खाली जुने थर आहेत. व्हिटॅमिन सी पुन्हा करायचं तर तीन-चार दिवसांनी एकदा करा, पण त्या चार बोटांवर फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

रिमूव्हर करायचंच तर त्या चार बोटांपुरतं. पुडीत बेरियम पेरॉक्साइड होतं, त्यामुळे आधी कापलेल्या केसांवर करून बघा. टोकांची छोटी बट कापा, दोऱ्याने बांधा, वाटीत रिमूव्हर लावून पत्रकातल्या वेळेएवढं ठेवा. वाटी गरम झाली, भलताच रंग आला किंवा केस चिवट रबरासारखे ताणले गेले तर सोडून द्या. ठीक वाटलं तर डोक्यावर. केस शाम्पू केलेले, कंडिशनर न लावलेले आणि वाळलेले हवेत. दोन बाटल्या मिसळल्या की लगेच लावायचं, उरलेलं ठेवायचं नाही.

रिमूव्हर डाय काढतं, मूळचा रंग परत आणत नाही. डेव्हलपरने प्रत्येक वेळी आतला नैसर्गिक काळा रंग थोडा जाळलेला असतो. मागचे काळे केस तांबूस-नारिंगी दिसतील. पुढचे, मूळचे पांढरे, बिस्किटासारखे पिवळट दिसतील. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी हे दिसलं तर आई पुन्हा ओढणी घेतील.

ओवी_लेस्टर

आणि मग त्यावर लगेच डाय लावला तर माझ्यासारखं होईल. किती दिवस थांबायचं?

मृदुला_के

यावर आमच्या धंद्यातही एकमत नाही. काही जण पत्रकात दिलेली वेळ पुरे म्हणतात, मी दोन आठवडे थांबते. लवकर लावायचाच असेल तर डेव्हलपर न लागणारा, नुसता वरून बसणारा रंग, आणि हव्या त्या शेडपेक्षा एक-दोन शेड फिकट, कारण रिकामे केस रंग जोरात ओढतात.

रश्मी_बी

मी वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते. चार बोटंच आहेत ना? कापून टाका की! खांद्यापर्यंतचे केस साठीत छान दिसतात आणि त्याबरोबर जुनी काळी मेंदीही गेली.

स्नेहल_पी

रश्मी, हे मी आईला काल सुचवलं, ती म्हणते अंबाडा येत नाही मग. तिला साखरपुड्याला अंबाडाच घालायचाय.

मृदुला_के

अंबाडा घालणार असतील तर रिमूव्हर साखरपुड्यानंतर करा. काळी टोकं अंबाड्याच्या आत जातील, बाहेर दिसेल तो हनुवटीपर्यंतचा भाग, आणि तो तर जुळलाय. तोपर्यंत त्या टोकांना रोज रात्री थोडं खोबरेल लावा आणि नेहमीच्या दिवशी शाम्पू. गजरा मागे माळला की काहीच दिसत नाही. पार्लरमध्ये सांगून ठेवा की पुढच्या वेळी डाय फक्त मुळांना लावायचा, आणि पत्रकातल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

स्नेहल_पी

आईला वाचून दाखवलं, अंबाड्याचं लगेच पटलं. कापलेल्या बटेवर मात्र मी या रविवारी रिमूव्हर करून बघणार आहे, बेरियमचं काय होतं ते इथे लिहीन. तोपर्यंत एक विचारते: टोकांची बट मागून कापू की बाजूने? मागच्या केसांत मूळचा काळा रंग जास्त आहे.

मृदुला_के

दोन्हीकडून एकेक कापा, वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा आणि दोऱ्याचा रंग वेगळा ठेवा. मागची बट तांबूस आली आणि बाजूची पिवळट, तर पूर्ण टोकांना एकच रंग येणार नाही हे आत्ताच कळेल.